फोटोसेन्सिटिव्ह भाचीसाठी: व्हिडिओतला लखलखाट कमी कसा करायचा?

मामा_ढोकाळीकर

नमस्कार मंडळी.

माझी भाची 15 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला फिट्स सुरू झाल्या आणि ईईजीत निघालं की लखलखत्या प्रकाशाने तिला त्रास होतो. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल इथे विचारत नाहीये.

प्रश्न असा आहे की मे महिन्यात घरात लग्न झालं, हॉल घोडबंदर रोडला. संगीतात भाचीचा नाच होता. तेवढा वेळ डीजेला बजावून ते झगमगणारे दिवे बंद ठेवले होते, त्यामुळे नाच व्यवस्थित पार पडला. आता व्हिडिओवाल्याने पेन ड्राइव्ह आणून दिला, तर त्या पठ्ठ्याने नेमकं तिच्याच नाचावर तालावर पांढरे झटके टाकलेत! आजीकडे सगळे टीव्हीसमोर जमले की ही पोरगी आतल्या खोलीत जाऊन बसते. स्वतःचा नाच तिने अजून पाहिलेला नाही.

तिचा फोन अँड्रॉइड आहे. घरात एक विंडोज लॅपटॉप आणि आजीकडे 43 इंची अँड्रॉइड टीव्ही. यांपैकी कशात तरी हे झटके कमी करायची सेटिंग असते का? घरातला कॉम्प्युटरवाला मीच, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात आहे.

रुळावरून_घसरलेला

सासूने दार उघडलं की तीन वेळा वीज चमकते, ती बंद करायची सेटिंग सापडली तर मलाही कळवा. आमच्याकडे रोज रात्री साडेआठला चमकते.

सीवूड्सची_शर्वरी

आयफोन असता तर एका मिनिटाचं काम होतं. Settings मध्ये Accessibility, त्यात Motion, तिथे Dim Flashing Lights. आयओएस 16.4 पासून आहे. व्हिडिओ चालू असताना फोन स्वतःच फ्रेमा तपासतो आणि झटके आले की तेवढ्यापुरतं चित्र अंधारं करतो. मॅकवर आणि ॲपल टीव्हीवरही याच नावाने आहे. माझ्या भावासाठी चालू करून ठेवलंय.

अँड्रॉइडवर बघा, असंच काहीतरी असेल.

मामा_ढोकाळीकर

शर्वरीताई, धन्यवाद. अँड्रॉइडवर Accessibility मध्ये Remove animations सापडलं, ते चालू केलं. नंतर ती क्लिप मी एकट्याने पाहिली. फरक शून्य.

कट_टू_कट

मी महापेला एका पोस्ट प्रॉडक्शन कंपनीत क्यूसी करतो. परदेशी वाहिन्यांना जाणारा माल लखलखाटासाठी तपासणं हे आमचं रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

Remove animations किंवा विंडोजमधलं Animation effects ही बटणं फक्त सिस्टिमच्या स्वतःच्या हालचालींसाठी आहेत. खिडक्या उघडताना सरकतात, मेनू उडत येतात, ते थांबतं. काही वेबसाइटही ही सेटिंग वाचून आपली ॲनिमेशन थांबवतात. पण व्हिडिओच्या आतल्या चित्राला त्यातलं कोणीच हात लावत नाही. शर्वरींनी आयफोनचं सांगितलं तसलं, चित्रालाच हात घालणारं बटण अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये नाही. ॲपलने मात्र ते बनवलं आणि त्याची रीत कोडसकट सगळ्यांना खुलीही केली.

आता मामा, सेटिंग शोधण्याआधी एक करा. झटके मोजा. प्रसारणाचा ढोबळ नियम असा की एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झटके नकोत आणि ते पडद्याच्या पाव भागापेक्षा जास्त जागेवर नकोत. झटका म्हणजे उजेड वर जाऊन परत खाली येणं, ही जोडी एक धरायची. गडद लाल रंगाचे झटके जास्त वाईट, त्यांना वेगळा नियम आहे. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग बघून 600 हून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण 12 वेळा आलटून पालटून येत होता.

मोजायचं असं: लॅपटॉपवर व्हीएलसीत क्लिप उघडा, झटक्यांच्या जागी पॉज करा आणि कीबोर्डवरचं E दाबत एकेक फ्रेम पुढे जा. किती फ्रेमांनी पांढरं येतं ते कागदावर लिहा. फ्रेम रेट Tools मध्ये Codec Information ला दिसेल. हे काम तुम्ही करायचं, भाचीने नाही, आणि ती खोलीत नसताना.

अण्णा_नौपाडा

एवढं मोजमाप कशाला? फोनचा नाइट मोड लावा, स्क्रीन पिवळट होते, डोळ्यांना गार वाटतं. शिवाय ब्राइटनेस कमी करा. आमच्या सौ.ला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिवळ्या काचेचा चष्मा दिलाय, तोही चालेल. आणि खोलीत दिवा लावून बघा, अंधारात बघू नका. आम्ही लहानपणी टीव्हीवर छोटा बल्ब ठेवायचो, ते उगीच नव्हतं.

कट_टू_कट

अण्णा, बल्ब आणि ब्राइटनेसला माझं पूर्ण अनुमोदन, नाइट मोडला नाही.

त्रास चढ-उताराने होतो. नाइट मोडमध्ये पांढरं पिवळं होतं, पण काळ्यावरून पिवळ्यावर आणि परत काळ्यावर हा खेळ तसाच राहतो. ब्राइटनेसचं वेगळं. पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात. आमच्या नियमात झटका धोक्याचा कधी मोजतात, तर उजेडातला फरक 20 निट किंवा जास्त असेल आणि अंधारी बाजू 160 निटच्या खाली असेल तेव्हा. आता फोनचा पडदा पूर्ण ब्राइटनेसला, समजा, 500 निट देतो. काळ्या-पांढऱ्या झटक्यात फरक जवळजवळ 500 चा. तोच पडदा उतरवून 60 वर आणला तर फरक 60 चा. म्हणजे खूप कमी झाला, तरी 20 च्या वरच आहे. नुसता ब्राइटनेस उतरवला की जोखीम उतरते, संपत नाही.

अँड्रॉइड 12 पासून Extra dim नावाची सोय आहे, ती नेहमीच्या सर्वात कमी ब्राइटनेसच्याही खाली नेते. आयफोनवर त्याच कामाला Reduce White Point. दोन्ही चांगल्या आहेत, पण वर म्हटल्याप्रमाणे जोडीला.

मीनाक्षी_वाशी

अगदी माझ्या मनातला विषय! आमच्या ऑफिसात वाशी स्टेशनच्या वरच्या इमारतीत ट्यूबलाइट सारखी लुकलुकते आणि दुपारी तीननंतर माझं अर्धं डोकं धरतं. मॅनेजमेंटला तीनदा मेल केले. फोनची स्क्रीनही कमी ब्राइटनेसला लुकलुकते असं वाचलं. यावर कोणती सेटिंग आहे? मायग्रेनला Extra dim चालतं का?

रुळावरून_घसरलेला

मीनाक्षीताई, ट्यूबलाइटची Settings इलेक्ट्रिशियनकडे असते.

कट_टू_कट

मीनाक्षीताई, तुमचा विषय खरा आहे पण वेगळा. काही पडदे कमी ब्राइटनेसला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन उजेड कमी दाखवतात. तो वेग डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. फोटोसेन्सिटिव्ह लोकांना बहुधा त्रास देतो तो सेकंदाला 5 ते 30 झटक्यांचा पट्टा, त्यातही 15 ते 25 सगळ्यात वाईट. कृपया वेगळा धागा काढा, मी तिकडे येतो. इथे मामांची क्लिप हरवेल.

पेंग्विनराव

कोणीच खरं उत्तर देत नाहीये म्हणून लिहितो. मामा, एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये photosensitivity नावाचा फिल्टर आहे, फुकट. तो एमपीव्ही प्लेअरमध्ये थेट लावता येतो. लॅपटॉपवर एमपीव्ही टाका आणि हे चालवा:

```
mpv --vf=lavfi=[photosensitivity=f=25] naach.mp4
```

f म्हणजे मागच्या किती फ्रेमा बघून निर्णय घ्यायचा. काही न लिहिल्यास 30 धरतो. लग्नाच्या व्हिडिओ आपल्याकडे बहुधा 25 फ्रेमच्या असतात म्हणून 25, म्हणजे सुमारे एक सेकंद. तुमची 50 ची असेल तर 50 लिहा.

व्हीएलसीत हा फिल्टर नाही. तिथे Video Effects मध्ये कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस उतरवू शकता, ते अण्णांच्या बल्बच्या रांगेत.

मामा_ढोकाळीकर

पेंग्विनराव, करून पाहिलं. फिल्टर लागलाच नाही, काळ्या खिडकीत लाल अक्षरांत काहीतरी तक्रार आली आणि झटके जसेच्या तसे.

पेंग्विनराव

तुमच्या mpv.conf मध्ये hwdec चालू आहे का? ग्राफिक्स कार्ड व्हिडिओ उलगडत असेल तर फ्रेमा त्याच्याच मेमरीत राहतात, आणि हा फिल्टर प्रोसेसरवर चालतो, त्याच्या हाती काही लागत नाही. कमांडमध्ये `--hwdec=no` घाला.

खरं तर प्रत्येक वेळी हा खटाटोप नको असेल तर फाइलच एकदा गाळून घ्या. मग ती फोनवर, टीव्हीवर कुठेही चालेल:

```
ffmpeg -i naach.mp4 -vf photosensitivity=f=25 -pix_fmt yuv420p -c:a copy naach2.mp4
```

आवाज तसाच राहतो, चित्र नव्याने बनतं. जुना लॅपटॉप असेल तर चहा घेऊन या.

आठ_पन्नासची_लोकल

मी स्वतः फोटोसेन्सिटिव्ह आहे, कळव्याला राहतो, वय 34. मला या सगळ्या फिल्टरांची थोडी भीती वाटते, कारण ते आहेत म्हणून घरचे निर्धास्त होतात.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. भावाच्या आयफोनवर ती Dim वाली सेटिंग चालू होती. फोनवर क्लिप बघताना चित्र काळवंडायचं, म्हणजे ती काम करत होती. मग कोणीतरी तीच क्लिप कास्ट करून टीव्हीवर लावली. कास्ट केल्यावर टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो, फोन नुसता रिमोट उरतो. फोनमधली सेटिंग तिथे जाईलच कशी? मी वेळेत उठलो म्हणून निभावलं.

दुसरं, झटके अचानक आले तर डोळे मिटणं पुरेसं नाही, पापण्यांतून लाल उजेड आत येतोच. एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवायचा आणि तोंड फिरवायचं. दोन्ही डोळ्यांनी बघताना जो त्रास होतो तो एका डोळ्याने बराच कमी होतो. हे मला न्यूरॉलॉजिस्टने शिकवलं आणि कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलं. भाचीला आधी हे शिकवा.

आणि अण्णा, पिवळा चष्मा नको. या आजारासाठी अभ्यास झालाय तो निळ्या काचांचा, तोही विशिष्ट निळ्या. मला एक मिळालाय, थोडा फायदा आहे. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दुकानातून आणू नये.

अण्णा_नौपाडा

पिवळ्याचं मागे घेतो. बल्ब मात्र माझा!

पेंग्विनराव

कास्टचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच तर मी फाइल गाळा म्हणतोय. गाळलेली फाइल कुठल्याही पडद्यावर गाळलेलीच असते.

आठ_पन्नासची_लोकल

गाळली हे कशावरून? तुम्ही ती तपासलीत का, की कमांड संपली म्हणून गाळली?

कट_टू_कट

दोघेही बरोबर आहात, भांडू नका. तो फिल्टर काय करतो ते सांगतो. तो चित्राचे मोठे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनाचा सरासरी रंग काढतो आणि मागच्या फ्रेमांच्या मानाने किती उडी बसली ते बघतो. उडी मर्यादेबाहेर गेली की नवी फ्रेम पूर्ण न दाखवता आधीच्या चित्रात मिसळून दाखवतो. म्हणून पांढरा झटका फिका राखाडी होतो आणि हालचालीच्या मागे सावली राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. सरासरी घेतल्यामुळे बारीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याला दिसतच नाहीत. काही फोटोसेन्सिटिव्ह लोकांना पट्ट्यांचाही त्रास होतो, त्यासाठी हा फिल्टर निरुपयोगी. आणि गडद लाल रंगाचा वेगळा नियम त्याच्यात नाही. म्हणजे हा प्रसारणाच्या तपासणीला पर्याय नाही. ॲपलही आपल्या सेटिंगवर उपचार म्हणून विसंबू नका असंच सांगतं.

तपासायचं कसं? गाळलेली फाइल परत व्हीएलसीत E दाबत बघायची. जिथे आधी कोरी पांढरी फ्रेम होती तिथे आता काय आहे ते शेजारच्या फ्रेमशी ताडायचं.

तंत्रज्ञ_कोपरखैरणे

मी ईईजी काढते. मामा, ताईंना भाचीचा रिपोर्ट काढायला सांगा. आम्ही दिवा कमी वेगापासून जास्त वेगापर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर लखलखवतो आणि कुठल्या वेगाला लाटा बिघडल्या ते बहुधा लिहिलेलं असतं. कोणाचा पट्टा अरुंद असतो, कोणाचा रुंद. त्या आकड्यांचा अर्थ मात्र तिच्या डॉक्टरांकडूनच घ्या. गोळ्या सुरू झाल्यावर तो पट्टा बदललेलाही असू शकतो.

मामा_ढोकाळीकर

सगळ्यांचे आभार, खासकरून लोकल आणि कट_टू_कट. तळहाताचं आजच शिकवलं. भाची म्हणाली, "मामा, हे डॉक्टरकाकांनी कधीच सांगितलंय, तुलाच माहीत नव्हतं."

आता मोजणी. क्लिप 25 फ्रेमची आहे. नाचाच्या सुरुवातीला दोन-दोन सेकंदांनी एकेक पांढरी फ्रेम येते. मग ढोल वाढतो तिथे एक पांढरी, दोन साध्या, एक पांढरी, दोन साध्या असं सुमारे चार सेकंद चालतं. पांढरी म्हणजे पूर्ण पडदा कोरा. आणि शेवटी मागे डीजेच्या टेबलावर एक लाल दिवा फिरतो, तो कोपऱ्यात छोटासा आहे.

रिपोर्टमध्ये 8 ते 20 असं लिहिलंय.

कट_टू_कट

छान मोजलंत, आता हिशेब सोपा आहे.

दोन सेकंदांनी एक झटका म्हणजे सेकंदाला अर्धा, तो नियमात बसतो. ढोलाच्या जागी दर तीन फ्रेमांत एक झटका, म्हणजे 25 भागिले 3, सेकंदाला 8 पेक्षा थोडे जास्त. मर्यादा तीनची, पडदा पूर्ण भरलेला आणि रिपोर्टमधल्या पट्ट्याच्या आतच. तेच चार सेकंद धोक्याचे. कोपऱ्यातला लाल दिवा पाव पडद्याच्या खूप आत आहे, पण लाल आहे आणि टीव्ही मोठा आहे, म्हणून मी त्यावर नजर ठेवेन.

माझा खरा सल्ला मात्र वेगळाच आहे. तो पांढरा झटका कॅमेऱ्यात आलेला नाही, एडिटिंगमध्ये वरून टाकलाय. एडिटरकडे प्रोजेक्ट अजून असेल तर तो झटक्यांचा थर वेगळा असतो. तो थर काढून तेवढाच तुकडा परत एक्स्पोर्ट करायला सांगा. मूळ चित्र सावलीशिवाय मिळेल, जे कोणत्याही फिल्टरने मिळणार नाही. फोन लवकर करा, हे लोक डिस्क भरली की जुने प्रोजेक्ट उडवतात.

रुळावरून_घसरलेला

एडिटर म्हणेल, "दादा, झटके काढले तर सिनेमॅटिक कसं वाटणार?"

मामा_ढोकाळीकर

रुळावरून, अगदी हेच वाक्य म्हणाला! शेवटी वहिनीने फोन घेतला आणि कारण सांगितलं, मग एकदम मऊ झाला. प्रोजेक्ट आहे म्हणतोय. रविवारी पाठवतो म्हणाला, पैसे नको म्हणाला.

तोवर मी पेंग्विनरावांची कमांड चालवली, `--hwdec=no` घालून एमपीव्हीतही चाललं. E दाबत बघितलं तर कोऱ्या पांढऱ्या फ्रेमेच्या जागी आता किंचित उजळलेलं चित्र आहे, नाचणारी दिसते आहे. पण हाताच्या मागे हाताचं भूत येतं. भूत कमी आणि झटके पण कमी असं काही होईल का?

पेंग्विनराव

t नावाचा आकडा आहे, नेहमी 1 असतो. खाली नेलात तर फिल्टर कडक होतो, भूत वाढतं. वर नेलात तर ढिला होतो, भूत कमी, झटका जास्त. `photosensitivity=f=25:t=0.7` असं लिहितात. तुमच्या बाबतीत मी वर नेणार नाही. भूत परवडलं.

मामा_ढोकाळीकर

0.5 करून पाहिलं, ढोलाच्या जागी चित्र जवळजवळ थिजतंच. 1 वरच ठेवलं.

सीवूड्सची_शर्वरी

लोकलच्या कास्टच्या गोष्टीने धडकीच भरली, भावाकडे तेच होत असतं. आणखी एक विचारायचं होतं. आयफोनवर सेटिंग चालू असूनही काही ॲपमध्ये चित्र काळवंडत नाही आणि काहींत काळवंडतं. असं का?

कट_टू_कट

जी ॲप सिस्टिमच्या प्लेअरने व्हिडिओ चालवतात त्यांना ही सेटिंग आपोआप लागू होते. ज्यांनी स्वतःचा प्लेअर बनवलाय त्यांना ती स्वतः पाळावी लागते, आणि सगळे पाळत नाहीत. खात्री करायची तर झटके असलेला एकच व्हिडिओ आधी Photos मध्ये आणि मग त्या ॲपमध्ये चालवून बघा. Photos मध्ये काळवंडला आणि तिथे नाही, तर त्या ॲपवर विसंबू नका. भावाला दूर ठेवून तुम्हीच बघायचं, हे सांगायला नकोच.

आठ_पन्नासची_लोकल

आणि मुळात आपोआप सुरू होणं थांबवा. ज्या क्लिपची कल्पना आहे ती आपण तपासतो. त्रास देते ती अंगठ्याखाली अचानक आलेली. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये Playback in feeds बंद केलं की यादीतले व्हिडिओ स्वतःहून चालायचे थांबतात. आयफोनवर Motion मध्येच Auto-Play Video Previews आहे. लॅपटॉपवर फायरफॉक्स वापरत असाल तर about:config मध्ये image.animation_mode ला none लिहा, लुकलुकणाऱ्या जीआयएफ जागीच थांबतात. छोट्या व्हिडिओंच्या ॲपांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही, मी ती काढून टाकली. 15 वर्षांच्या मुलीला काढ म्हणणं सोपं नाही हे मला कळतं.

तंत्रज्ञ_कोपरखैरणे

सहमत. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुली त्याच वयाच्या असतात. बंदी घातली की मैत्रिणीच्या फोनवर बघतात आणि सांगत नाहीत. त्यापेक्षा दिवा लावून, फोन हातभर लांब, झोप झालेली असताना. जागरणानंतर कुठलीही सेटिंग तिला वाचवणार नाही.

मामा_ढोकाळीकर

एडिटरची नवीन फाइल आली. E दाबत पूर्ण नाच तपासला, पांढरी फ्रेम एकही नाही. कोपऱ्यातला लाल दिवा आहेच. आता आजीच्या टीव्हीवर लावायचाय. टीव्हीत काय बंद करू? त्यात पन्नास प्रकारचे मोड आहेत.

कट_टू_कट

Vivid किंवा Dynamic मोड काढून Movie किंवा Cinema ठेवा, तो मुळातच मंद असतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, तो उजेडाच्या उड्या वाढवतो. क्लिअर मोशन अशा नावाचं काही असेल तर तेही बंद, काही टीव्ही त्यात दर दोन फ्रेमांच्या मध्ये अंधार घालतात आणि पडदाच लखलखायला लागतो. हालचाल मऊ करणाऱ्या मोडचा मात्र झटक्यांशी संबंध नाही, तो ठेवा नाहीतर काढा. भाचीला जवळ बसवू नका, पडदा नजरेत जितका लहान तितकं बरं. आणि अण्णांचा बल्ब.

लाल दिव्याबद्दल मी खात्रीने सांगू शकत नाही. आमच्याकडे असता तर मशीनवर टाकून सांगितलं असतं. हवं तर तो कोपरा एडिटरकडून झाकून घ्या.

आठ_पन्नासची_लोकल

पहिल्यांदा टीव्हीवर नको. लॅपटॉपवर, छोट्या खिडकीत, ब्राइटनेस उतरवून, शेजारी कोणीतरी बसून. डॉक्टरांना आधी विचारा. मग टीव्ही.

पेंग्विनराव

मी तर नवीन फाइलही फिल्टरमधून काढेन. लाल दिव्याचं भूत झालं तर कोणाचं काय जातंय?

कट_टू_कट

दिवा इतका छोटा असेल तर चौकोनाच्या सरासरीत फिल्टरला तो दिसणारच नाही कदाचित. काढून बघा, पण त्याच्या भरवशावर टीव्ही लावू नका.

मामा_ढोकाळीकर

डॉक्टरांना शनिवारी विचारतोय. एडिटरला कोपरा झाकायला सांगितलं तर म्हणतो तिथे काकांचं डोकं येतं. काकांना विचारलं, ते म्हणाले झाका.

अण्णा_नौपाडा

आधी पिवळा चष्मा गेला, आता काकांचं डोकं गेलं. मीनाक्षीताईंच्या धाग्याची लिंक कोणी देईल का? आमच्या सौ.चा पिवळा चष्मा मायग्रेनसाठीच आहे, तिकडे विचारायचंय.